नोकरीच्या पत्रातलं एक कलम, साध्या मराठीत

नोकरीचं पत्र घरी आलं की सगळ्यात आधी पगाराचा आकडा वाचला जातो. मग रुजू होण्याची तारीख, मग कामाचं ठिकाण. प्रोबेशन आणि नोटीस यांचं कलम बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पानावर असतं. ‘हे काय, सगळ्यांच्याच पत्रात असतं’ असं म्हणून त्याखाली सही होते. पुढे दीड-दोन वर्षांनी दुसरीकडे चांगली संधी चालून येते, किंवा सातव्या महिन्यात कंपनीच ‘तुमचं काम थांबवत आहोत’ असं कळवते, आणि मग तेच पान पुन्हा उघडलं जातं. त्या वेळी त्यातल्या एकेका शब्दावर महिन्याभराचा पगार अवलंबून असतो.

पत्र इंग्रजीत असतं, आणि तेही वकिली इंग्रजीत. मराठी माध्यमातून शिकून डिप्लोमा किंवा बीकॉम झालेल्या मुला-मुलीला रोजचं इंग्रजी जमत असलं, तरी हे कलम एका वाचनात उलगडत नाही. मग घरातले कुणा ओळखीच्या शिक्षकाकडे, बँकेतल्या काकांकडे किंवा एचआरमध्ये असलेल्या मावसभावाकडे ते पत्र नेतात आणि विचारतात, ‘यात नेमकं काय लिहिलंय ते मराठीत सांगा.’ उत्तर बहुतेकदा असं मिळतं : ‘सहा महिने प्रोबेशन आहे, नंतर दोन महिन्यांची नोटीस.’ हे उत्तर खोटं नाही, पण कलमातला महत्त्वाचा भाग त्यातून गळून गेलेला असतो.

खासगी कंपन्यांच्या पत्रांत थोड्याफार फरकाने दिसणाऱ्या अशा कलमाचा एक नमुना इथे घेऊ. तो या लेखासाठीच जुळवला आहे, कुठल्या एका कंपनीचा नाही. दप्तरी मराठीत त्याचं शब्दशः भाषांतर केलं तर ते असं होईल :

‘कर्मचारी हा रुजू दिनांकापासून सहा महिन्यांच्या परिवीक्षा कालावधीवर राहील. सदर कालावधी कंपनीच्या स्वेच्छाधिकारानुसार वाढविला जाऊ शकेल व लेखी स्वरूपात कायम करण्यात येईपर्यंत कर्मचारी परिवीक्षाधीन असल्याचे मानण्यात येईल. परिवीक्षा कालावधीत उभय पक्षांपैकी कोणासही, कोणतेही कारण न देता, पंधरा दिवसांची सूचना अथवा त्याऐवजी वेतन देऊन सेवा समाप्त करता येईल. कायम झाल्यानंतर सदर सूचना कालावधी साठ दिवसांचा राहील. तथापि, सूचना कालावधीऐवजी वेतन स्वीकारावे अथवा कसे, याचा निर्णय कंपनीचा राहील. सूचना कालावधीत शिल्लक रजा समायोजित केली जाणार नाही.’

या भाषांतरात चूक शोधायला गेलं तर सापडणार नाही. तरीही ज्याला इंग्रजी कळलं नव्हतं, त्याला हेही कळणार नाही. अवघड शब्द हे त्याचं एक कारण. ‘परिवीक्षा’ हा शब्द सरकारी आदेशांच्या बाहेर कुणी वापरत नाही. चाकणच्या कारखान्यातला फिटर आणि हिंजवडीतली इंजिनिअर, दोघंही ‘प्रोबेशन’च म्हणतात. ‘सूचना’ तर सरळ दिशाभूल करते. मराठीत सूचना म्हणजे ‘असं करा, तसं करू नका’ हे सांगणं. ‘पंधरा दिवसांची सूचना’ वाचून पंधरा दिवस आधी लेखी कळवायचं आहे, हे कुणाच्या मनात येईल? ‘नोटीस’ म्हटलं की लगेच येतं. तिसरा शब्द मात्र मराठीने फार चांगला दिलेला आहे : ‘कायम’. ‘कायम झालो’, ‘अजून कायम केलं नाही’ असं गिरण्यांच्या काळापासून लोक बोलत आले आहेत, आणि या कलमाचा सगळा भार त्याच शब्दावर आहे.

दुसरं आणि मोठं कारण आहे वाक्यांची घडण. ‘वाढविला जाऊ शकेल’, ‘करण्यात येईल’, ‘मानण्यात येईल’ या क्रियापदांना करणारा माणूसच नाही. मुदत कोण वाढवणार? कायम कोण करणार? प्रत्येक वाक्यात ‘तुम्ही’ किंवा ‘कंपनी’ यांपैकी एक कर्ता ठेवला की कलमाचा अर्धा धुरळा खाली बसतो. इथे ‘आपण’ हा आदराचा शब्द टाळलेला बरा. ‘आपण नोटीस द्यावी’ या वाक्यात आपण म्हणजे वाचणारा, की वाचणारा आणि कंपनी दोघं मिळून, हे वाक्यावरून ठरत नाही. बोलताना स्वरावरून कळतं, कागदावर कळत नाही. आणि ‘द्यावी’ हेही तसंच निसरडं. ‘नोटीस द्यावी’ ही विनंती असू शकते, सल्ला असू शकतो किंवा हुकूम. इंग्रजी करारात ‘शॅल’ आलं की ते बंधन असतं, ‘मे’ आलं की ती मुभा असते. मराठीत बंधनासाठी ‘द्यावी लागेल’ आणि मुभेसाठी ‘देऊ शकता’ इतकं स्पष्ट लिहायलाच हवं. वर ‘वाढविला जाऊ शकेल’ आहे, म्हणजे मुदत वाढवण्याची कंपनीला मुभा आहे. नोटीस देणं मात्र बंधनकारक आहे. शब्दशः भाषांतरात दोन्ही एकाच सुरात वाचली जातात.

आता कलमाच्या पहिल्या भागाकडे येऊ, कारण सर्वात जास्त गैरसमज तिथे होतो. ‘सहा महिने प्रोबेशन’ ऐकल्यावर प्रत्येकजण सातव्या महिन्याच्या एक तारखेला स्वतःला कायम समजू लागतो. कलम तसं म्हणत नाही. ‘अनलेस अँड अंटिल कन्फर्म्ड इन रायटिंग’ अशा अर्थाचे चार-पाच इंग्रजी शब्द तिथे असतात आणि त्यांचा परिणाम असा, की कंपनी गप्प राहिली तर प्रोबेशन चालूच राहतं. एखादी कामाच्या आठव्या महिन्यात आहे, कुणी तिला काही बोललेलं नाही, काम नीट चाललं आहे. तरी कागदावर ती प्रोबेशनवर आहे आणि कंपनी तिला पंधरा दिवसांच्या नोटिशीवर कमी करू शकते. म्हणून साध्या मराठीत ही गोष्ट नकारातून सांगावी लागते : ‘सहा महिने पूर्ण झाले म्हणून तुम्ही आपोआप कायम होत नाही.’ हे वाक्य इंग्रजीत या रूपात नसतं. पण त्यातून निघणारा अर्थ हाच आहे, आणि तो उघड केला नाही तर भाषांतर अपुरं राहतं.

गप्प बसण्याचा अर्थ काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे अनेकदा आला आहे. १९६८ मध्ये पंजाबच्या शिक्षण खात्यातल्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात, म्हणजे पंजाब राज्य विरुद्ध धरम सिंग या खटल्यात, न्यायालयाने नियमातले शब्द पाहिले. तिथे वाढवलेल्या मुदतीसह प्रोबेशन जास्तीत जास्त तीन वर्षांचं असेल, असं नियमातच होतं. तीन वर्षांनंतरही त्यांना कामावर ठेवलं गेलं, तेव्हा ते कायम झाले असंच समजायला हवं, असं न्यायालयाने ठरवलं. २००१ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालय विरुद्ध सत्यनारायण झवर या खटल्यात या मुद्द्यावरची भूमिका आणखी स्पष्ट झाली. प्रोबेशन वाढवण्याचा अधिकार आहे आणि कमाल मर्यादा लिहिलेली नाही, तर नुसता काळ उलटल्याने माणूस कायम होत नाही. कमाल मर्यादा लिहिलेली आहे आणि तिच्यापलीकडे ठेवून घेतलं, तर कायम झाल्याचं धरता येतं. मात्र कायम होण्यासाठी वेगळा आदेश किंवा परीक्षा लागते असं नियमात असेल, तर तसं धरता येत नाही. हे खटले सरकारी सेवेतले आहेत आणि खासगी कंपनीच्या पत्राला ते जसेच्या तसे लागू पडतील असं नाही. पण अशा कलमात काय शोधायचं, ते त्यांतून नेमकं कळतं : मुदतवाढीला वरची मर्यादा आहे का, आणि कायम होण्यासाठी लेखी आदेशाची अट आहे का.

आपल्या नमुन्यात मर्यादा नाही आणि लेखी आदेशाची अट आहे. दोन्ही गोष्टी कंपनीच्या बाजूच्या.

इथे भाषांतर करणाऱ्याला एक मोह होतो. मुदत कितीही वेळा वाढवता येणं त्याला अन्यायाचं वाटतं आणि तो ‘एकदा वाढवू शकते’ असं लिहून टाकतो. किंवा उलट, वाचणाऱ्याला सावध करायचं म्हणून ‘कंपनी मनमानी करून मुदत वाढवू शकते’ असं लिहितो. दोन्ही चूक. कलमात जे आहे तेवढंच भाषांतरात यावं. जे नाही त्याची नोंद भाषांतराखाली, वेगळ्या ओळीत आणि ‘हे पत्रात लिहिलेलं नाही’ असं सांगून करावी. वाचणाऱ्याला पत्र काय म्हणतं आणि मदत करणारा काय म्हणतो, यांतला फरक दिसला पाहिजे, कारण उद्या कंपनीसमोर तो फक्त पहिल्याच्या आधारावर बोलू शकणार आहे.

कारखान्यातल्या कामगारांसाठी चित्र थोडं वेगळं होतं. औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियम १९४६ खाली जे आदर्श स्थायी आदेश तयार झाले, त्यांत प्रोबेशन तीन महिन्यांचं धरलेलं होतं. त्याच कायद्याच्या नवव्या कलमात मालकाला सांगितलं होतं, की हे आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत फलकावर लावा. कामाच्या अटी कामगाराच्या भाषेत असाव्यात, ही गोष्ट स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी कायद्यात आली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याची जागा नव्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली. कंपनीत प्रमाणित स्थायी आदेश लागू असतील आणि नोकरी कामगार म्हणून असेल, तर पत्रातल्या कलमाबरोबर ते आदेशही पाहावे लागतात.

आता नोटीस आणि पैसे. ‘इन लू ऑफ नोटीस’ हा त्यातला कळीचा तुकडा. त्याचं साधं मराठी ‘नोटिशीऐवजी पगार’. म्हणजे नोकरी संपवणाऱ्याने एकतर ठरलेले दिवस आधी कळवायचं, किंवा कळवायचे दिवस जितके कमी पडतील तितक्या दिवसांचे पैसे समोरच्याला द्यायचे. कंपनीने आज सांगून आजच काढलं तर कंपनी देणार, कर्मचाऱ्याने आज सांगून आजच सोडलं तर कर्मचारी देणार.

पण कुठला पगार? हाच प्रश्न नमुन्यातल्या ‘वेतन’ या शब्दात दडलेला आहे. काही पत्रांत ‘ग्रॉस’ असतं, काहींत ‘बेसिक’, आणि काहींत नुसतं ‘सॅलरी’. समजा लातूरच्या एका मुलीला पुण्यात ३६,००० रुपये महिन्याची नोकरी लागली. ही ग्रॉस रक्कम झाली, त्यातलं बेसिक १८,००० आहे. कायम झाल्यानंतर तिने एकही दिवस नोटीस न देता नोकरी सोडली, तर ६० दिवसांचा ग्रॉस पगार म्हणजे ७२,००० रुपये आणि बेसिक म्हणजे ३६,०००. एका शब्दाने तिचा पुरा एक महिन्याचा पगार इकडचा तिकडे होतो. भाषांतर करणाऱ्याने इंग्रजीतला शब्द ‘ग्रॉस’ असेल तर ‘पूर्ण पगार, भत्त्यांसह’ असं लिहावं. ‘बेसिक’ असेल तर ‘मूळ पगार’ आणि पगाराच्या तक्त्यातला त्याचा आकडा. पत्रात नुसतं ‘सॅलरी’ असेल, तर ‘पगार’ असंच ठेवावं आणि खाली नोंद करावी, की कुठला पगार ते पत्रात स्पष्ट नाही. एक गोष्ट मात्र निश्चित आहे. कर्मचाऱ्याने भरलेल्या या रकमेवर जीएसटी लागत नाही. पूर्वी याबद्दल वाद होता, पण केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात तो निकाली काढला.

यानंतर येतो ‘तथापि’. इंग्रजीत ‘हाउएव्हर’ किंवा ‘प्रोव्हायडेड दॅट’. वरवर पाहता कलम दोन्ही बाजूंना सारखं वाटतं : दोघांनाही नोटीस, दोघांनाही पैशाचा पर्याय. ‘तथापि’ने सुरू होणारं वाक्य ती समानता काढून घेतं. कंपनीने नोटिशीऐवजी पैसे दिले तर ते कर्मचाऱ्याला घ्यावेच लागतात. कर्मचाऱ्याने देऊ केले तर ते घ्यायचे की ‘नाही, पूर्ण ६० दिवस काम कर’ म्हणायचं, हे कंपनी ठरवते. ज्याला बोलीत ‘नोटीस विकत घेणं’ किंवा ‘बायआउट’ म्हणतात, ते कंपनीच्या होकारावर आहे. मावसभावाने दिलेल्या एका ओळीच्या उत्तरातून सगळ्यात आधी गळते ती हीच गोष्ट. आणि नव्या कंपनीने ‘आम्ही तुझा बायआउट भरतो’ म्हटल्यावर जो बेसावध राहतो, त्याला ती सगळ्यात जास्त नडते.

कंपनीने नाही म्हटलं तर कर्मचाऱ्याला जबरदस्तीने कामावर बसवता येईल का? नाही. विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ च्या कलम १४ मुळे, व्यक्तीच्या वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय हुकुमाने पुरा करून घेत नाही. कंपनी नुकसानभरपाई मागू शकते, हिशोबातून रक्कम कापू शकते. प्रत्यक्षात तिच्या हातात सगळ्यात मोठी गोष्ट असते ती रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मुक्त केल्याचं पत्र. पुढची कंपनी ते मागते, म्हणून लोक नाइलाजाने दिवस भरतात. ही माहितीही नोंदीत जाईल, भाषांतरात नाही.

अशा असमान कलमांकडे न्यायालयाने कधी बोट दाखवलेलं नाही असंही नाही. १९८६ मध्ये सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन विरुद्ध ब्रोजोनाथ गांगुली या खटल्यात, कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांच्या नोटिशीवर कारण न देता काढण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. एका बाजूकडे सगळं बळ असताना दुसऱ्याने ठिपक्यांच्या ओळीवर सही केली, म्हणून तो करार न्याय्य ठरत नाही, असा त्यामागचा विचार होता. पण ते महामंडळ सरकारी होतं. खासगी कंपनीच्या पत्रासमोर हा निकाल ठेवून ‘आपलं कलमही रद्दच आहे’ असं धरून चालणं धोक्याचं.

राहिले दिवस. ‘६० दिवस’ आणि ‘दोन महिने’ यांत फारसा फरक नाही असं वाटतं आणि तसा तो एखाद-दुसऱ्या दिवसाचाच असतो. खरा फरक पडतो तो मोजणी कुठून सुरू होते यावर. लातूरची तीच मुलगी ३० जूनला राजीनाम्याचा मेल पाठवते. दुसऱ्या दिवसापासून ६० दिवस मोजले तर शेवटचा दिवस २९ ऑगस्ट येतो. नव्या कंपनीला ती १ सप्टेंबरचा शब्द देऊन बसली आहे, सगळं नीट जुळतं. पण पत्रात ‘राजीनामा स्वीकारल्याच्या तारखेपासून’ असं असेल आणि साहेबांनी तो ८ जुलैला स्वीकारला, तर शेवटचा दिवस ६ सप्टेंबर होतो. ती ३१ ऑगस्टला निघाली तर ५४ दिवस भरले, सहा कमी पडले. ग्रॉस पगाराने दिवसाला १,२०० रुपये, म्हणजे ७,२०० रुपये कापले जातील. तेही कंपनीने पैसे घ्यायला होकार दिला तर. ‘वर्किंग डेज’ लिहिलेलं असेल तर गणित आणखी लांबतं : पाच दिवसांच्या आठवड्यात ६० कामाचे दिवस म्हणजे पूर्ण बारा आठवडे. आपल्या नमुन्यात नुसतं ‘साठ दिवस’ आहे आणि मोजणी कधीपासून ते नाही. म्हणून भाषांतरात ‘६० दिवस’, आणि खाली नोंद.

इतकं पाहून झाल्यावर तेच कलम असं लिहिता येतं :

‘रुजू झाल्याच्या तारखेपासून तुमचे पहिले सहा महिने प्रोबेशनचे आहेत. कंपनी ही मुदत वाढवू शकते. वाढवायची की नाही, हे कंपनीच ठरवेल.

सहा महिने पूर्ण झाले म्हणून तुम्ही आपोआप कायम होत नाही. कंपनी तुम्हाला कायम केल्याचं लेखी कळवेल, तेव्हाच तुम्ही कायम व्हाल. तोपर्यंत तुम्ही प्रोबेशनवर आहात असं धरलं जाईल.

प्रोबेशन चालू असताना तुम्ही नोकरी सोडू शकता आणि कंपनीही तुम्हाला कामावरून कमी करू शकते. कारण सांगण्याचं बंधन दोघांवरही नाही. पण जो नोकरी संपवेल त्याला १५ दिवस आधी नोटीस द्यावी लागेल, किंवा नोटिशीऐवजी तेवढ्या दिवसांचा पगार समोरच्याला द्यावा लागेल. तुम्ही कायम झाल्यावर ही नोटीस ६० दिवसांची असेल.

नोकरी सोडताना नोटिशीचे दिवस न भरता तुम्ही त्याऐवजी पैसे देऊ केले, तर ते घ्यायचे की तुम्हाला पूर्ण दिवस काम करायला लावायचं, हे कंपनी ठरवेल. तुमची रजा शिल्लक असली तरी ती नोटिशीच्या दिवसांतून वजा होणार नाही.’

शब्द शब्दशः भाषांतराहून जास्त झाले आहेत आणि त्यात वावगं काही नाही. इंग्रजीने एका वाक्यात कोंबलेलं मराठीत चार वाक्यांत मोकळं झालं आहे. एका ठिकाणी मात्र भाषांतर मुद्दाम थांबलं आहे. कायम झाल्यावरही कंपनी कारण न सांगता काढू शकते का? मूळ कलमात ‘कारण न देता’ हे शब्द प्रोबेशनच्या वाक्यात आहेत आणि पुढच्या वाक्यात फक्त नोटिशीचे दिवस बदलले आहेत. ते शब्द पुढेही लागू धरायचे की नाही, यावर दोन माणसं दोन मतं देतील. भाषांतर करणाऱ्याने आपलं मत वाक्यात मिसळलं, तर वाचणाऱ्याला तिथे प्रश्न होता हेच कळणार नाही. म्हणून मराठीतही ते वाक्य तितकंच उघडं ठेवलं आहे.

अशा भाषांतराच्या वर एक ओळ हवी : हे समजून घेण्यासाठी आहे, सही इंग्रजी पत्रावर होणार आहे. उद्या वाद झाला तर इंग्रजी शब्दच पाहिले जातील.

प्रोबेशनविषयी आणखी एक समज दूर करायला हवा, कारण तो कलमातून नाही, ऐकीव गप्पांतून पसरतो. प्रोबेशनवर असलेल्या माणसाला काहीच हक्क नसतात, असं सर्रास सांगितलं जातं. भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू असलेल्या ठिकाणी पात्र कर्मचाऱ्याचा पीएफ पहिल्या दिवसापासून कापावा आणि भरावा लागतो. ‘कायम झाल्यावर पीएफ सुरू करू’ हे चालत नाही. बाळंतपणाच्या रजेसाठी कायदा आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवसांचं काम पाहतो, प्रोबेशन संपलं की नाही ते पाहत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत, राजीनामा दिलेल्या किंवा कामावरून काढलेल्या माणसाचं देय वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायला सांगितलं आहे, आणि तिथेही कायम किंवा प्रोबेशन असा भेद नाही.

सही करण्याआधी लातूरच्या मुलीच्या हातात आता साधं मराठी कलम आहे आणि खाली चार नोंदी : मुदतवाढीला मर्यादा नाही, कुठला पगार ते स्पष्ट नाही, दिवस कधीपासून मोजायचे ते नाही, आणि कायम झाल्यावर कारण सांगावं लागेल का ते नाही. तिने एचआरला फोन केला तर बहुधा ऐकायला मिळेल, ‘अगं, आमच्याकडे सगळे सहा महिन्यांत कायम होतात, काळजी करू नकोस.’ तो शब्द मनापासून दिलेला असू शकतो. पण अशा पत्रांच्या शेवटी अनेकदा आणखी एक कलम असतं, की या पत्राबाहेरचं कुठलंही बोलणं किंवा आश्वासन धरलं जाणार नाही. म्हणून तिने हे चार प्रश्न मेलवर विचारावेत, आणि उत्तर कंपनीच्या मेलवरूनच मागावं. कंपनीने एखादा मुद्दा मान्य केला, तर तो मूळ पत्रात दुरुस्ती म्हणून किंवा जोडपत्रात यावा आणि त्यावर कंपनीची सही असावी. पगाराच्या आकड्याइतकंच हे मागण्याचा तिला अधिकार आहे, आणि ते मागण्याची वेळ सहीच्या आधीची आहे.